कानातल्या बिल्ल्यावरचा नंबर: DE 08, DE 09, FR 67, NL यावरून गाय कुठली हे कसं ओळखायचं?

नवा_गडी
नमस्कार. सध्या जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये एका दुग्धशाळेवर प्रशिक्षण सुरू आहे. मालकांनी काम दिलंय: गोठ्यातल्या दुभत्या गाईंची यादी करायची आणि प्रत्येकीपुढे ती मूळची कुठली ते लिहायचं. म्हणाले, "बिल्ला वाच, कळेल." बिल्ल्यावर अक्षरं आणि दहाएक आकडे आहेत. खाली चार नमुने देतोय. आकडे थोडे बदललेत, मांडणी मात्र तशीच आहे.

```
DE 08 146 27395
DE 09 538 61204
FR 67 2041 8853
NL 5738 2046 1
```

अक्षरं म्हणजे देश, इतकं समजलं. पुढच्या आकड्यांत काय काय दडलंय? गोठा, वय, जात यातलं काही कळतं का? जाणकारांनी सांगावं.

संगमनेरचा_दूधवाला
सोपं आहे. DE म्हणजे डेन्मार्क. पुढचे दोन आकडे जिल्ह्याचे, मधले तीन गोठ्याचे, शेवटचे पाच जनावराचे. म्हणून तर मध्ये जागा सोडलेली असते. एका गोठ्यातल्या सगळ्या गाईंचे मधले तीन आकडे सारखे आहेत का बघ, लगेच कळेल.

खुराडे_ते_गोठा
DE म्हणजे जर्मनी हो, डॉइचलान्ड. डेन्मार्कचं DK. बाकीचं जाणकार सांगतील, मीही वाचतोय.

बव्हेरियातली_नोंदवही
दूधवालेदादा, दोन आकड्यांचा कप्पा तुम्ही बरोबर पकडलात, पण तो जिल्ह्याचा नाही, राज्याचा. जर्मनीत १६ राज्यं आहेत आणि बिल्ल्यावर ती 01 ते 16 अशी येतात. 01 श्लेस्विग-होल्श्टाइन, 03 नीडरझाक्सन, 05 नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन, 08 बाडेन-व्युर्टेम्बर्ग, 09 बव्हेरिया, आणि 11 पासून पुढे पूर्वेकडची राज्यं, उदाहरणार्थ 14 म्हणजे झाक्सन. त्यामुळे नवा_गडी, तुमची पहिली गाय तुमच्याच राज्यात जन्मली आणि दुसरी शेजारच्या बव्हेरियात. 'जन्मली' हा शब्द मुद्दाम वापरतेय. वासरू जन्मलं की त्या गोठ्यावर दोन्ही कानांत बिल्ला मारतात. जर्मनीत त्यासाठी सात दिवसांची मुदत आहे. पुढे जनावर दहा वेळा विकलं गेलं, राज्य बदललं, तरी नंबर बदलत नाही. बिल्ला तुटून पडला तर नवा मागवतात, त्यावरही तोच नंबर छापून येतो.

आता त्यापुढचे आठ आकडे. मधली मोकळी जागा फक्त वाचायला सोपं जावं म्हणून आहे. `538` हा गोठ्याचा नंबर नाही. मालक एका वर्षाला पुरतील इतके बिल्ले मागवतो आणि त्याला ओळीने चढत्या नंबरांची पेटी मिळते. म्हणून एकाच गोठ्यात जन्मलेल्या गाईंचे मधले आकडे बऱ्याचदा सारखे दिसतात आणि तुम्ही म्हणता तसा भास होतो. पण पुढच्या पेटीला भलताच क्रम येऊ शकतो, आणि त्याच `538` मधल्या दुसऱ्या पेट्या दुसऱ्याच गावात गेलेल्या असू शकतात. शेवटचे पाच आकडे मोठे छापलेले असतात, कारण रोज गोठ्यात हाक मारायला तेवढेच पुरतात.

संगमनेरचा_दूधवाला
डेन्मार्कचं चुकलं, मान्य. पण गोठ्याचा नंबर असतोच की. जर्मनीचा एक जनावराचा दाखला पाहिला होता, त्यात 09 ने सुरू होणारा लांबलचक नंबर होता आणि त्यातून थेट गाव कळत होतं. मग तो काय होता?

बव्हेरियातली_नोंदवही
तो गोठ्याचा नोंदणी नंबर. तुमचा गोंधळ तिथेच झालाय, आणि तो साहजिक आहे कारण दोन्ही नंबर त्याच दोन आकड्यांनी सुरू होतात. गोठ्याचा नंबर १२ आकडी असतो. त्यातले पहिले आठ म्हणजे गावाचा सरकारी संकेतांक: दोन आकडे राज्याचे, एक विभागाचा, दोन जिल्ह्याचे, तीन गावाचे. म्युनिक शहराचा संकेतांक `09 162 000`. त्यापुढचे चार आकडे त्या गावातल्या त्या गोठ्याचे. म्हणजे गोठ्याच्या नंबरावरून गाव सांगता येतं, गाईच्या नंबरावरून फक्त राज्य.

ओळखायची खूण अगदी साधी: DE नंतर दहा आकडे असतील तर जनावर, बारा असतील तर गोठा. कागदावर दोन्ही शेजारी छापलेले असतात, म्हणून आधी आकडे मोजा आणि मगच अर्थ लावा.

नवा_गडी
हे भारी सांगितलंत ताई. म्हणजे वय आणि जात नंबरावरून कळत नाही? मोठा नंबर म्हणजे लहान गाय, असं तरी धरता येईल का?

बव्हेरियातली_नोंदवही
एकाच पेटीतले नंबर असतील तर साधारण धरता येईल. पेटी बदलली की नाही. जात तर मुळीच नाही: होल्स्टाइन असो की फ्लेकफी, नंबराची घडण एकच. जन्मतारीख, लिंग, जात आणि आईचा नंबर हे सगळं जनावराच्या दाखल्यावर असतं. त्यातला आईचा नंबर बघायचा कंटाळा करू नका. गाय `DE 08` असेल आणि आईपुढे `FR 67` लिहिलं असेल, तर मालकाने कधीतरी फ्रान्समधून गाभण कालवड आणली आणि ही तिची इथे जन्मलेली लेक, असं सहसा समजायचं. गाय जर्मनच, पण घराणं पलीकडचं. नुसता बिल्ला वाचून हे दिसणार नाही.

पॅरिसला_राहतो_पण_गावचा
FR चं मी सांगतो, इथल्या पशुपालन खात्याशी रोजचा संबंध आहे. FR नंतरचे दोन आकडे म्हणजे जन्माचा देपार्तमाँ, आपल्या जिल्ह्यासारखा. 67 म्हणजे बा-ऱ्हँ, स्ट्रासबर्गचा भाग. नकाशात बघा, तुमच्या बाडेनला लागून फक्त ऱ्हाइन नदी मध्ये आहे. त्यामुळे ती गाय तुमच्याकडे असण्यात काहीच नवल नाही.

FR मध्येही एकूण दहा आकडे आणि शेवटचे चार मोठे. इथे त्यांना कामाचा नंबर म्हणतात, गोठ्यात सगळे तोच बोलतात: "८८५३ ला आज दूध कमी." पण यादीत नुसते चार आकडे लिहू नका. दुसऱ्या फ्रेंच गोठ्यातून आलेल्या गाईचेही शेवटचे चार तेच असू शकतात. पूर्ण दहा लिहा.

आणखी एक: फ्रान्सचे बिल्ले पिवळे नसतात, सहसा फिकट गुलाबी-केशरी असतात, इथे त्याला सामन माशाचा रंग म्हणतात. चाळीस पिवळ्या कानांत एक गुलाबी कान लांबूनही दिसतो.

बव्हेरियातली_नोंदवही
रंगावर मात्र विसंबू नका. मूळ बिल्ला जर्मनीत आल्यावर पडला तर बदली बिल्ला इकडून येतो. नंबर FR चाच, प्लास्टिक पिवळं. रंग बघून शोधायला सुरुवात करा, लिहिताना अक्षरं वाचूनच लिहा.

खुराडे_ते_गोठा
NL चं काय? तिथे नऊच आकडे आहेत.

बव्हेरियातली_नोंदवही
नेदरलँड्सचे नऊच असतात. त्यात प्रांत, जिल्हा असा कप्पाच नाही. पाचवा ते आठवा आकडा म्हणजे कामाचा नंबर, तुमच्या नमुन्यात `2046`, आणि सर्वांत शेवटचा एक आकडा पडताळणीचा. म्हणून त्या गाईपुढे फक्त "नेदरलँड्स" लिहा. कोणी तुम्हाला `5738` वरून प्रांत सांगू लागलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

लातूरकर_आबा
आमच्याकडं एका व्यापाऱ्यानं एचएफ गाय दाखवली. कानात पिवळा बिल्ला, बारा आकडी नंबर. म्हणतो हॉलंडची इंपोर्टेड गाय आहे, बिल्ल्यावरच लिहिलंय. अक्षर एकही नाही. किंमत वीस हजार जास्त सांगतोय. बिल्ल्यावरून खरंखोटं कळंल का?

रेतन_मित्र
आबा, तो आपलाच भारतातला बिल्ला आहे. पशू आधार म्हणतात ना, तोच. बारा आकडे, बारकोड आणि देशाचं अक्षर नाही. हॉलंडच्या गाईला NL आणि नऊ आकडे असते, वर ताईंनी सांगितलंय बघा. आपल्या बारा आकड्यांत राज्य किंवा जिल्ह्याचा कप्पा नाही, त्यामुळे नंबर डोळ्यांनी वाचून गाय लातूरची की पंजाबची हेही सांगता येत नाही. त्या नंबरामागची माहिती 'भारत पशुधन' प्रणालीत असते: मालक, लसीकरण, रेतन, वेत. तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना नंबर द्या, ते तिथे बघून सांगतील. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय गुरांच्या खरेदी-विक्रीला आपल्या राज्यात बंदी आहे, त्यामुळे बिल्ला आहे ही काही त्या गाईची खासियत नव्हे. आणि विकत घेतलीत तर मालक बदलल्याची नोंद करून घ्या, नाहीतर नंबर आधीच्या माणसाच्या नावावरच राहतो.

लातूरकर_आबा
म्हणजे वीस हजार बिल्ल्याचे मागतोय तो. बरं झालं इचारलं.

संगमनेरचा_दूधवाला
आबा, गाय चांगली असेल तर दुधावर किंमत करा. दोन्ही वेळचं दूध समोर काढून घ्या. हॉलंड-बिलंड विसरा.

रेतन_मित्र
माझाही एक प्रश्न याच धाग्यात विचारतो. वळूंच्या कॅटलॉगमध्ये असे नंबर येतात:

```
HOLDEUM000953861204
HOL840M003127450618
```

पहिल्यात DEU म्हणजे जर्मनी असणार. दुसऱ्यात देशाच्या जागी 840 का? तो बिल्ल्याचाच नंबर आहे का?

बव्हेरियातली_नोंदवही
हो, बिल्ल्याचाच. तीन अक्षरं जातीची (HOL म्हणजे होल्स्टाइन), तीन देशाची, एक लिंगाचं (M नर) आणि मग बारा आकडे. एकूण १९. तुमच्या पहिल्या ओळीतले बारा आकडे नीट बघा: `000953861204`. पुढची दोन शून्यं केवळ भरणीची. ती काढा, उरतं `0953861204`. म्हणजे `DE 09 538 61204`, नवा_गडी यांच्या दुसऱ्या ओळीतला नंबर उचललेला दिसतोय तुम्ही :) म्हणजे वळू बव्हेरियात जन्मलेला.

840 हा अमेरिकेचा आकडी संकेतांक. प्रत्येक देशाला अक्षरांसोबत तीन आकडेही आहेत: जर्मनी 276, फ्रान्स 250, नेदरलँड्स 528, भारत 356. अमेरिकेतला 840 चा बिल्ला १५ आकडी असतो, `840003127450618` असा, आणि तो अमेरिकेत जन्मलेल्या जनावरालाच मारायचा असा नियम आहे. मात्र त्यापुढच्या बारा आकड्यांत राज्याचा कप्पा नाही. टेक्सास की विस्कॉन्सिन, ते त्यातून निघत नाही.

अमेरिकेतला_गुराखी
हे बरोबर आहे, फक्त एक जोड. इथे जुने पत्र्याचे चकचकीत बिल्ले अजून दिसतात. त्यांच्यावर दोन आकडे, तीन अक्षरं, चार आकडे असतात आणि पहिले दोन आकडे राज्याचे: 35 विस्कॉन्सिन, 74 टेक्सास, 93 कॅलिफोर्निया. म्हणजे जुन्या बिल्ल्यात राज्य कळायचं, नव्यात नाही. नोव्हेंबर २०२४ पासून आंतरराज्य वाहतुकीच्या नियमात येणाऱ्या गुरांना नवा अधिकृत बिल्ला मारायचा तर तो डोळ्यांनी आणि यंत्राने, दोन्ही प्रकारे वाचता आला पाहिजे, त्यामुळे पत्र्याचे मागे पडतायत.

आणि यंत्राने वाचताना 982 किंवा 985 ने सुरू होणारा नंबर आला तर तो देश समजू नका. 900 ते 998 हे बिल्ला बनवणाऱ्या कंपन्यांचे संकेतांक आहेत. 999 चाचणीच्या चिपचा. असे नंबर आले की जनावर कुठलं याबद्दल तो बिल्ला गप्प आहे असंच समजायचं.

नवा_गडी
सगळ्यांचे आभार. यादी करायला घेतली आणि अडकलो. मालकांनी संगणकातली जुनी एक्सेल फाइल दिली, त्यात काही नंबर असे आहेत:

```
953861204
1432870915
2.76001E+14
```

अक्षरं नाहीतच. पहिला नऊ आकडी, म्हणून नेदरलँड्स लिहिलं. बरोबर ना?

बव्हेरियातली_नोंदवही
नाही! थांबा, खोडा ते. हा सापळा नेहमीचाच आहे. एक्सेल नंबराला संख्या समजतं आणि पुढचं शून्य खाऊन टाकतं. `0953861204` चं झालं `953861204`, नऊ आकडे, दिसायला डच. पण ती बव्हेरियातलीच गाय. जर्मनीत 01 ते 09 राज्यांच्या प्रत्येक नंबराचं असं होतं. 10 ते 16 चं होत नाही, कारण पुढे शून्यच नाही. म्हणून तुमची दुसरी ओळ दहा आकडी राहिली: `DE 14 328 70915`, झाक्सन.

तिसरी ओळ म्हणजे १५ आकडी नंबर, एक्सेलने आखडून दाखवलेला. रकान्याचा प्रकार 'संख्या' करा, दशांश शून्य ठेवा, पूर्ण नंबर दिसेल. समजा तो असा निघाला:

```
276000953861204
```

276 जर्मनी, मग `00` भरणी, मग तेच दहा आकडे. म्हणजे पहिली आणि तिसरी ओळ एकच गाय निघू शकते, आणि यादीत ती दोनदा मोजली जाईल. पुढचं काम करण्याआधी नवा रकाना 'मजकूर' प्रकारचा करा आणि त्यातच नंबर भरा. आणि अक्षरांविना नऊ आकडी नंबर दिसला तर कागदावर काही ठरवू नका, गोठ्यात जाऊन कान बघा.

खुराडे_ते_गोठा
हे एक्सेलचं दुखणं आमच्या कोंबड्यांच्या बॅच नंबरांनाही आहे. नोंद करून ठेवली.

पॅरिसला_राहतो_पण_गावचा
फ्रान्सचंही तेच. 01 ते 09 हे देपार्तमाँ आहेतच. तुमची 67 ची गाय वाचली, पण 01 ची असती तर ती पण 'डच' झाली असती.

नवा_गडी
खरंच दोन ओळी एकाच गाईच्या निघाल्या. आता शेवटचं. एका गाईचा बिल्ला घासलाय, `DE 03` आहे की `DE 08` कळत नाही. तसंच दुध काढायच्या रोबोटच्या पडद्यावर तिचा नंबर 412 दिसतो, तो बिल्ल्यात कुठेच नाही.

बव्हेरियातली_नोंदवही
412 हा तिच्या गळ्यातल्या पट्ट्याला दिलेला गोठ्यातला नंबर. त्याचा जन्मगावाशी संबंध नाही, पट्टा दुसऱ्या गाईला घातला की नंबरही तिकडे जातो. पण रोबोटच्या नोंदीत 412 समोर कानाचा पूर्ण नंबर सहसा भरलेला असतो, तो काढा.

घासलेल्या बिल्ल्यासाठी आधी दुसरा कान बघा, दोन्हींवर तोच नंबर असतो. ओल्या ब्रशने शेण काढून कडेने बॅटरी मारा, छापलेल्या रेघा उठून दिसतात. तरीही नाही जमलं तर मालकांच्या लॉगिनने `HIT` या जर्मनीच्या गुरांच्या नोंदणी प्रणालीत गोठ्याची यादी उघडा आणि शेवटचे पाच आकडे जुळवा. तुमच्या गोठ्यात ते पाच आकडे असलेली एकच गाय असेल, तर 03 की 08 तिथेच कळेल. 03 निघालं तर गाय पार उत्तरेकडून आलीये.

अमेरिकेतला_गुराखी
अक्षरांबद्दल एक शंका ताई. युरोपबाहेरून आणलेल्या गाईचं काय होतं? तिच्या कानात मूळ देशाचाच बिल्ला राहतो का?

बव्हेरियातली_नोंदवही
युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्यात गेली तर मूळ नंबर कायम. संघाबाहेरून आली तर पोचल्यापासून वीस दिवसांच्या आत नवीन देशाचा बिल्ला मारावा लागतो आणि जुना नंबर फक्त नोंदीत राहतो. म्हणजे `DE` लिहिलेली एखादी गाय जर्मनीत न जन्मलेलीही असू शकते. अशा गाई थोड्याच, पण मालकाकडे परदेशी खरेदीची पावती असेल तर बिल्ल्याऐवजी नोंद बघूनच मूळ देश लिहायचा.

संगमनेरचा_दूधवाला
तसं असेल तर तिच्या नंबरातले राज्याचे दोन आकडे कुठले? ती जिथे पोचली त्या राज्याचे?

बव्हेरियातली_नोंदवही
ज्या गोठ्याच्या पेटीतला बिल्ला मारला त्याच्या राज्याचे असणार असा माझा अंदाज. प्रत्यक्ष असं जनावर हाताळलेलं कोणी इथे असेल तर सांगावं.

नवा_गडी
दुसऱ्या कानात `08` स्पष्ट निघालं. यादीत आता ४१ गाई: ३३ बाडेनच्या, ५ बव्हेरियाच्या, एक झाक्सनची, एक बा-ऱ्हँची, एक नेदरलँड्सची. बव्हेरियातल्या एकीच्या आईपुढे `AT` दिसतंय आणि नऊ आकडे. ऑस्ट्रिया ना? त्यात राज्य कुठे बघायचं?